दुसरीकडे होकार दिल्यावर

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या भरती विभागात सकाळी पहिल्यांदा उघडते ती एक एक्सेल शीट. तिला सगळे ट्रॅकर म्हणतात. एकेका ओळीत एकेक उमेदवार: नाव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड किती, कोणती फेरी झाली, पुढची कधी. शेवटच्या रकान्यात शेरा. ‘फोन उचलत नाही’ हा त्यातला सर्वांत नेहमीचा शेरा. त्या न उचललेल्या फोनमागे बऱ्याचदा एक आनंदाची बातमी असते. उमेदवाराला दुसरीकडे नोकरी लागलेली असते आणि ‘तुमच्याकडे येत नाही’ हे सांगायचा त्याला संकोच वाटत असतो.

या संकोचाला फारसा आधार नाही. माणसं एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज करतात हे रिक्रूटरला पक्कं ठाऊक असतं. पहिल्याच फोनवर ‘हातात दुसरी ऑफर आहे का’ असं तीच विचारते. तिची खरी अडचण नकारामुळे होत नाही, उशिरा कळण्यामुळे होते. तिसऱ्या फेरीसाठी तिने एखाद्या मॅनेजरचा तास मागून घेतलेला असतो, आणि मॅनेजरचा तास मिळवणं हे भरतीतलं सर्वांत किचकट काम. उमेदवार आलाच नाही तर तो तास फुकट जातो आणि मॅनेजर पुढच्या वेळी लवकर वेळ देत नाही. दोन दिवस आधी कळलं, तर तोच तास यादीतल्या दुसऱ्या कोणाला देता येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोथरूडच्या एका सॉफ्टवेअर टेस्टरने दोन कंपन्यांत मुलाखती दिल्या आहेत. पहिलीचं ऑफर लेटर सोमवारी दुपारी आलं. रात्री घरी बसून तिने पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख, बाँडबिंड नाही ना, हे सगळं वाचलं आणि स्वीकारल्याचा मेल पाठवला. दुसऱ्या कंपनीची तिसरी फेरी गुरुवारी सकाळी अकराला आहे. मंगळवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिने दुसऱ्या कंपनीच्या रिक्रूटरला एवढंच लिहावं:

‘नमस्कार मॅडम, सीनिअर टेस्टरच्या जागेसाठी माझी गुरुवारी अकराला तिसरी फेरी ठरली आहे. मी काल दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारली, त्यामुळे अर्ज मागे घेत आहे. गुरुवारची वेळ कृपया रद्द करावी. दुसऱ्या फेरीच्या आधी तुम्ही टीमचं काम फोनवर नीट समजावून सांगितलंत, त्याचा मला खूप उपयोग झाला. मनापासून आभार.’

मेल बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर हाच. पहिल्या वाक्यात जागा आणि वेळ आली, कारण त्या रिक्रूटरकडे एकाच वेळी डझनभर जागा असतात आणि नुसत्या नावावरून तिला ओळ सापडत नाही. जॉब आयडी असेल तर तो मेलच्या विषयातच टाकावा. दुसऱ्या वाक्यात निर्णय आला, तोही झालेला. ‘मागे घेण्याचा विचार करतेय’ असं लिहिलं की समोरची व्यक्ती त्याचा अर्थ पगार वाढवून मागण्याचा इशारा असा घेते, आणि मग फोनाफोनी सुरू होते. तिसरं वाक्य तिच्या कामाचं. आणि चौथ्यात आपुलकी आहे, कारण ते प्रत्यक्ष घडलेल्या एका गोष्टीबद्दल आहे. ‘आपल्या नामांकित संस्थेत मिळालेल्या संधीबद्दल ऋणी आहे’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं, म्हणून ते कोणालाच पोचत नाही.

काय नाही तेही पाहा. नव्या कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही, तीनदा माफी नाही. माफीचा मला विशेष राग आहे. अर्ज करणं म्हणजे वचन देणं नव्हे, मग अर्ज मागे घेताना अपराध्यासारखं का लिहायचं? शिवाय लांबलचक माफीनामा वाचून समोरच्याला उलट ‘असू दे, काही हरकत नाही’ अशी समजूत काढत बसावं लागतं.

घाई मात्र नको. एचआरने फोनवर ‘तुमचं नक्की झालं, लेटर दोन दिवसांत येईल’ म्हटलं की काहीजण त्याच संध्याकाळी बाकीचे अर्ज मागे घेतात. मग वरिष्ठांची मंजुरी अडकते, जागाच गोठवली जाते आणि लेटर येत नाही. तोंडी होकारावर कुठलाही दरवाजा बंद करू नये. लेखी ऑफर हातात, ती वाचून झालेली आणि आपला लेखी होकार गेलेला, इतकं झाल्यावरच हा मेल. यानंतरही कागदपत्रांच्या पडताळणीत काही अडू शकतं, हे खरं. पण नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडभर सगळ्यांना झुलवत ठेवून, एक ऑफर दाखवून दुसरी मिळवायची जी पद्धत आयटीत रुळली आहे, ती मला पटत नाही. तिचा भार पुढच्या उमेदवारांवर पडतो: रुजू होईपर्यंत कंपन्या कोणावरच विश्वास ठेवत नाहीत आणि एकाच जागेसाठी दोघांना ऑफर देऊन बसतात.

मधे कन्सल्टन्सी असेल तर गणित थोडं वेगळं. कन्सल्टंटला पैसे कंपनी देते, आणि उमेदवार रुजू झाला तरच. नेहमी ऐकू येणारा दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. बारा लाखांच्या नोकरीत लाखभर रुपये. तुमच्या नकाराने त्याचे ते लाख रुपये गेलेले असतात, म्हणून त्याचा फोन जरा जास्त आग्रही असणार, हे धरून चालावं. कळवायचं मात्र त्यालाच. त्याला वगळून थेट कंपनीला मेल केला, तर आपला उमेदवार गळाल्याचं त्याला क्लायंटकडून ऐकावं लागतं, आणि ते त्याला फार लागतं.

मेल गेल्यावर कधीकधी फोन येतो. ‘कुठे जॉईन करताय? किती देतायत? आम्ही तेवढं देऊ शकलो तर?’ यातला शेवटचा प्रश्नच महत्त्वाचा. उत्तर एका दमात देता येतं: ‘मॅडम, मी त्यांना लेखी होकार दिलाय, आता बदलणार नाही. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.’ नव्या कंपनीचं नाव सांगायचं नसेल तर ‘रुजू झाल्यावर कळवते’ म्हणावं. कोणी रागावत नाही. आणि आपल्या ओळखीत त्या जागेला साजेसा, नोकरी शोधणारा कोणी असेल, तर त्याला विचारून त्याचा नंबर याच फोनवर द्यावा. रिकाम्या झालेल्या जागेसाठी रिक्रूटरला त्या क्षणी याहून उपयोगी काही मिळत नाही.

राहता राहिलं पोर्टल. अर्ज कंपनीच्या वेबसाइटवरून केला असेल तर तिथे बहुधा Withdraw किंवा Withdraw Application असं बटण असतं. तेही दाबावं, पण मेल पाठवल्यानंतर. बटणाने यादीतली स्थिती बदलते. गुरुवारी अकराला मॅनेजर तरीही स्क्रीनसमोर येऊन बसू शकतो, कारण त्याच्या कॅलेंडरमधली वेळ कोणीतरी हाताने काढावी लागते. जॉब साइटवरच्या प्रोफाइलमधलं ‘नोकरीच्या शोधात’ हेही त्याच बैठकीत बदलून टाकावं, नाहीतर पुढचे तीन महिने रोज नवे फोन येत राहतील आणि प्रत्येकाला हेच सांगत बसावं लागेल.