दोन रांगांतून एक स्टॅक

मजकूर टाइप करताना ‘अन्डू’ दाबलं की सगळ्यात शेवटी केलेला बदल सगळ्यात आधी पुसला जातो. प्रिंटरकडे पाठवलेल्या फायली मात्र आल्या त्या क्रमानेच छापून निघतात. पहिली रचना स्टॅकची, दुसरी क्यूची, म्हणजे रांगेची. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घातला जाणारा एक पेच असा: हाताशी फक्त दोन रांगा आहेत, त्यांतून स्टॅक करून दाखवा.

उलटा प्रश्न सोपा आहे. एका स्टॅकमधला माल दुसऱ्यात ओतला की क्रम आपोआप उलटतो, आणि दोन स्टॅकची रांग होते. रांगेतून रांगेत कितीदाही हलवलं तरी क्रम तोच राहतो. त्यामुळे इथे दुसरी रांग क्रम उलटवत नाही. ती फक्त घटक बाजूला काढून ठेवायची जागा असते.

ही जागा घटक ठेवताना वापरता येते. समजा पहिल्या रांगेत 20 पुढे आणि 10 मागे आहे, आणि आता 30 ठेवायचा आहे. तो आधी रिकाम्या दुसऱ्या रांगेत टाकायचा, मग 20 आणि 10 त्याच्यामागे आणायचे आणि रांगांची नावं अदलाबदल करायची. शेवटी आलेला 30 सर्वांत पुढे उभा राहतो. इथे पुश महाग पडतो आणि पॉप एका झटक्यात होतो.

दुसऱ्या पद्धतीत 10, 20, 30 आले तसे उभे राहतात. काढायची वेळ आली की 10 आणि 20 दुसऱ्या रांगेत सरकवायचे, उरलेला 30 बाहेर काढायचा आणि नावं बदलायची. नावं बदलायचं विसरलं, तर पुढचा घटक भलत्याच रांगेत जातो आणि उत्तरं चुकू लागतात.

आता हिशेब. हजार घटक ठेवून सगळे काढले, तर दोन्ही पद्धतींत 4,99,500 हलवाहलवी होतात. हा योगायोग नव्हे. 20 घटकांवर एकविसावा ठेवताना पहिली पद्धत 20 घटक हलवते, आणि तोच एकविसावा काढताना दुसरीही 20 हलवते. फरक पडतो तो कधीच न काढलेल्या घटकांचा. हजार ठेवून दहाच काढले, तर पहिलीचा खर्च तेवढाच राहतो, दुसरीचा मात्र 9,945 वर येतो. रिकाम्या स्टॅकपासून सुरुवात केली, तर दुसरी पद्धत एकूण हलवाहलवीत कधीच महाग पडत नाही.

‘वरचा घटक नुसता बघायचा असेल तर पहिलीच बरी’ असंही म्हणतात. पण दुसऱ्या पद्धतीत शेवटी ठेवलेला घटक वेगळ्या चलात लिहून ठेवता येतो. पॉप करताना सर्वांत शेवटी सरकवलेला घटक हाच नवा वरचा, तोच मग चलात लिहायचा.

पहिलीचा खरा फायदा वेळेचा आहे. माल निवांत भरून ठेवायचा आणि मागणी येताच क्षणात द्यायचा असेल, तर आधीच केलेली ती सारी हलवाहलवी तिथे उपयोगी पडते.