ओगराळे दिसावे, चेहरा नको

कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात शहापूर-मुरबाडकडचे रुग्णही येतात. सोबतच्या नातेवाइकांची जेवायची सोय नसते, म्हणून जवळच एक मंडळ अन्नदान करते. अशाच एका दिवसाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचे काम माझ्याकडे होते.

दोनशे माणसांच्या खिचडीला पंधरा किलो तांदूळ आणि सात किलो मूगडाळ लागते. शिजल्यावर ती साधारण सत्तर किलो भरते. चिरणे, फोडणी, टोप उतरवणे इथपर्यंत कॅमेरा मनसोक्त फिरवावा. इथे सगळे आपलेच लोक असतात. फक्त वाफेने भिंग धुरकटते, ते पुसत राहायचे. मांडवातल्या ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसले, तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने पट्टे जातात.

खरी कसोटी वाढायला सुरुवात झाली की लागते. रांगेत उभ्या माणसाला "शूटिंग केलं तर चालेल ना?" असे विचारणे हा प्रश्नच नव्हे, ताट समोर असताना नाही कोण म्हणणार? शिवाय इथे चेहरा दिसला की घरात कुणीतरी आजारी आहे, ही बातमीही गावभर होते. म्हणून मी वाढप्यांच्या समोर, रांगेकडे पाठ करून उभा राहतो. चौकटीत ओगराळे, वाढप्याचा चेहरा आणि पुढे आलेले ताट, एवढेच. तरी स्टीलच्या झाकणात रांगेतले चेहरे उमटतात. लहान पडद्यावर ते लक्षात येत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा मोठा करून पाहावा लागतो.

"नंतर धूसर करू की," असे एक कार्यकर्ता म्हणाला. पण माणसाने मान वळवली की धूसर ठिपका मागे राहतो आणि क्षणभर चेहरा उघडा पडतो. तेवढ्यात थांबवून पाहणाऱ्याला तो पुरतो. साडी, पिशवी, आवाज यांवरूनही ओळख पटते. मुलांचे चित्रण तर करूच नये. कुणी जेवून झाल्यावर आपणहून बोलायला आले, तर तुकडा त्यांना दाखवून, कुठे टाकणार ते सांगून मगच ठेवावा.

मंडळींना देणगीदाराच्या हातून ताट देतानाचे दृश्य हवे होते. मी ते घेतले नाही. त्याऐवजी टोकन देणारी मावशी, पाण्याचे ग्लास भरणारा कॉलेजचा मुलगा, खरकटे वेगळे करणारे दोघे आणि शेवटी टोप घासणारे घेतले. अन्नदानाला वाढायला हात भरपूर येतात, टोप घासायला माणूस मिळत नाही. व्हिडिओच्या शेवटी तेच लिहिले: पुढच्या वेळी भांडी घासायला चार जण हवेत, दुपारी दोनला या.