कडू मांडणीवरचा गोड पत्ता

जोडीदाराविषयी टॅरोची मांडणी झाली की शेवटी एक ओरॅकल कार्ड काढायची अनेक रीडरांची सवय असते. तिन्ही पत्ते जिव्हारी लागणारे आणि ओरॅकल मात्र म्हणतं, ‘क्षमा’. विचारणारी मग त्या एकाच पत्त्याला धरून बसते.

पण हे दोन संच एका मापाचे नाहीत. टॅरोचे पत्ते 78 आणि त्यांची रचना ठरलेली. आज सर्वांत ओळखीचा असलेला संच 1909मध्ये निघाला, ए. ई. वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ यांनी तो चितारला. त्यात चोरी, शोक, कोसळणारा मनोरा असं सगळं आहे. ओरॅकलचे पत्ते किती आणि त्यांवर काय लिहायचं, हे मात्र संच काढणारा ठरवतो. देवदूतांच्या कित्येक संचांत कठोर पत्ता घातलेलाच नसतो. एकदा सगळा संच चित वाचून पाहावा. ‘सावध राहा’ म्हणणारा एकही पत्ता सापडला नाही, तर प्रश्न कोणताही असता तरी उत्तर मऊच आलं असतं. अशा मऊपणाने टॅरोचं म्हणणं खोडलं जात नाही.

समजा, प्रश्न आहे, ‘तो माझ्याशी खरं वागतोय का?’ त्याच्या वागण्याच्या जागी ‘सेव्हन ऑफ स्वोर्ड्स’ आलं: पाच तलवारी उचलून, मागे बघत, चवड्यांवर सटकणारा माणूस. तिच्या जागी ‘फाइव्ह ऑफ कप्स’: सांडलेल्या तीन पेल्यांपुढे मान खाली घातलेली काळ्या झग्यातली आकृती, पाठीमागे दोन पेले उभे. नात्याच्या जागी ‘द डेव्हिल’. तिथल्या जोडप्याच्या गळ्यातल्या साखळ्या मात्र सैल आहेत, काढता येण्याजोग्या. यावर ‘क्षमा’.

हा पत्ता कोणाला उद्देशून आहे, ते आधी पाहायचं. टॅरोच्या पहिल्या जागेत तो होता. ओरॅकल बहुधा समोर बसलेल्या व्यक्तीशी बोलतं. म्हणून ‘क्षमा’ तिच्या जागेशी, त्या सांडलेल्या पेल्यांशी जोडून वाचावी: इतके दिवस कळलं कसं नाही, म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. त्याला माफ करून तिथेच राहा, हा अर्थ साखळीच्या पत्त्याशेजारी बसत नाही. नाही पटलं म्हणून आणखी एक, मग आणखी एक पत्ता काढत गेलं, तर हवा तो मिळेपर्यंत हात थांबत नाही, आणि वाचन तिथेच बिघडतं.

अर्थात ‘सेव्हन ऑफ स्वोर्ड्स’ म्हणजेही पुरावा नव्हे. 1948मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना स्वभावाचं एकच वर्णन दिलं. ते स्वतःला किती लागू पडतं याला त्यांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. सर्वांना लागू पडणारं गोड वाक्य आपल्याला खास आपलंच वाटतं. ओरॅकलची भाषा नेमकी तशीच असते, म्हणून पत्ता काढण्याआधी त्याचा वेगळा प्रश्न मोठ्याने म्हणावा: ‘त्याच्याशी बोलायला बसताना मी स्वतःला कशी सांभाळू?’