दोन सुनील पाटील आणि एक आठ आकडी क्रमांक

समजा, सुनील वसंत पाटील नावाचे दोन गृहस्थ आहेत. एकाची नाशिकला यंत्रांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, दुसरे कोल्हापूरच्या एका कंपनीचे संचालक होते. कोल्हापूरच्या कंपनीने सलग तीन वर्षे ताळेबंद भरला नाही. कंपनी कायद्याच्या कलम १६४ नुसार असा संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. नाशिकचे पाटील कर्ज मागायला बँकेत जातात आणि अधिकाऱ्याला अपात्रांच्या यादीत नेमके हेच नाव दिसते, वडिलांच्या नावासकट.

अशा वेळी नावाकडे न बघता त्याच्या शेजारचा क्रमांक बघायचा. हा संचालक ओळख क्रमांक, सीए मंडळींच्या भाषेत ‘डिन’. तो आठ आकडी असतो, केंद्र सरकारचे कंपनी व्यवहार मंत्रालय तो देते आणि त्याशिवाय कोणालाही संचालक होता येत नाही. अर्ज करताना भारतीय नागरिकाला पॅन द्यावाच लागतो. सोबत जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि पत्ता. नाव दोघांचे एक असले तरी पॅन एक असू शकत नाही, म्हणून क्रमांकही वेगळे पडतात.

क्रमांक माणसाला मिळतो, कंपनीला नाही. राजीनामा दिला, दुसऱ्या कंपनीत गेले, तरी तोच आयुष्यभर राहतो. बँकेच्या अधिकाऱ्याला हेच उपयोगी पडते. नाशिकच्या कंपनीच्या ताळेबंदावर पाटलांच्या सहीखाली क्रमांक छापलेला असतो. तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या संचालकांच्या नोंदीशी जुळतो का, हे आधी बघायचे आणि मग अपात्रांच्या यादीतल्या क्रमांकाशी ताडायचा. आठांपैकी एक आकडा जरी वेगळा असला, तरी तो माणूस दुसरा. नुसत्या नावावरून कर्ज नाकारणे हा प्रामाणिक माणसावर अन्यायच आहे, कारण पडताळणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

क्रमांक ‘निष्क्रिय’ दिसला म्हणून मात्र दचकू नये. केवायसीचा अर्ज मुदतीत भरला नाही की तो निष्क्रिय होतो आणि उशिराचे पाच हजार रुपये शुल्क भरून पुन्हा चालू करता येतो. अपात्रतेशी त्याचा संबंध नाही.

ही सगळी व्यवस्था एका माणसाकडे एकच क्रमांक असण्यावर उभी आहे. म्हणून कलम १५५ दुसरा क्रमांक घेण्यास मनाई करते. तरीही कोणी दुसऱ्या पॅनवर दुसरा क्रमांक काढलाच, तर एकच माणूस नोंदीत दोन माणसे म्हणून वावरू शकतो. जुन्या कंपनीची थकबाकी नव्या क्रमांकाखाली दिसत नाही. मोठी रक्कम उधार देणाऱ्याने म्हणून क्रमांकासोबत पॅन आणि जन्मतारीखही मागून घ्यावी.