पंचेचाळीस किलोमीटर आणि चढाचा हिशेब

आश्विनात सोलापूरहून तुळजापूरला पायी निघणाऱ्यांची रीघ लागते आणि कोजागरीच्या आगेमागे तर रस्ता माणसांनी भरून जातो. अंतर किती, असं यांतल्या कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच येतं: पंचेचाळीस किलोमीटर. हल्ली यांतल्या बऱ्याच जणांच्या खिशातला फोन सगळी वाट नोंदवत असतो, आणि पोहोचल्यावर त्याच वाटेचं अंतर तो कधी अठ्ठेचाळीस दाखवतो, कधी चोपन्न. एकूण चढाचा आकडा तर काही फोनांवर असा येतो, की जणू माणूस कळसूबाई चढून उतरला आणि पुन्हा चढला. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटरवर आहे आणि बालाघाटाच्या रांगेतलं तुळजापूर सुमारे 650 मीटरवर. दोन टोकांतला फरक फार तर 190 मीटरचा. हे फुगलेले आकडे पाहून लोक म्हणतात, फोन चुकला. ते अर्धंच खरं आहे. अंतराच्या बाबतीत फोन खरोखर चुकलेला असतो आणि ती चूक शोधून काढता येते. चढाची गोष्ट निराळी आहे. कितीही काळजीने नोंद साफ केली तरी चढाचा एकच एक खरा आकडा हाती येत नाही, कारण तो आकडा मोजणाऱ्याने ठरवलेल्या एका मर्यादेवर उभा असतो. ती मर्यादा न सांगता दिलेला चढ अपुरा आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी अंतर पाहू. जीपीएक्स फाईल उघडली की आत साधा मजकूर दिसतो: एकामागून एक `<trkpt>`, प्रत्येकात अक्षांश-रेखांश, आत `<ele>` म्हणजे उंची आणि `<time>` म्हणजे वेळ. सेकंदाला एक नोंद धरली आणि ताशी पाच किलोमीटरने चाललं, तर पंचेचाळीस किलोमीटरला नऊ तास, म्हणजे 32,400 बिंदू होतात. लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं आणि बेरीज करत जायचं, एवढंच गणित. या बेरजेत वजाबाकीला जागा नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. एखादा बिंदू चुकून बाजूला पडला तर जातानाचं अंतरही जमा होतं आणि परत येतानाचंही. समजा तामलवाडीच्या पुढे एका बिंदूचा अक्षांश 0.002 अंशाने भलतीकडे गेला. धाराशिवच्या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश सुमारे 110.7 किलोमीटरचा, म्हणजे बिंदू सुमारे 220 मीटर लांब पडला आणि पुढच्याच सेकंदाला परत आला. बेरजेत 440 मीटरची भर पडली, चालणारा मात्र एक पाऊल टाकून मोकळा. अशा वीस उड्या पडल्या की पंचेचाळीसचे जवळजवळ चोपन्न होतात. घाटातल्या कापलेल्या कड्याशी किंवा तुळजापूरच्या अरुंद गल्ल्यांत उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि तिथेच अशा उड्या जास्त दिसतात.

उडी ओळखायची कशी? पहिला विचार वेगाचा सुचतो: माणूस सेकंदाला तीन मीटरहून जास्त चालत नाही, तेव्हा त्यापुढचा बिंदू काढून टाकावा. हा नियम एकटा पुरत नाही. पाय दुखले म्हणून कुणी दोन किलोमीटर टेम्पोत बसलं, तर तो वेग खरा असतो. त्याला चालण्यात धरायचं नसेल तर तो तुकडा वेगळा काढावा, पण चुकीचे बिंदू म्हणून पुसू नये. उडीची खरी खूण वेगाइतकीच परतण्यात आहे. बिंदू झपाट्याने लांब गेला, तितक्याच झपाट्याने परतला आणि त्याच्या आधीचा व नंतरचा बिंदू एकमेकांच्या शेजारी आहेत, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो काढावा. कधी दोन-तीन बिंदू मिळून भरकटतात, म्हणून तुलना शेजारच्या बिंदूशी न करता शेवटच्या मान्य बिंदूशी करतात. यात एक मोठा धोका आहे. घरातून निघताना फोनला उपग्रह नीट सापडलेले नसतात, आणि पहिलाच बिंदू चुकीचा असला तर पुढचे कित्येक चांगले बिंदू त्याच्याशी ताडून बाद होत जातात. साफ केलेल्या फाईलच्या सुरुवातीचे बिंदू एकगठ्ठा गेलेले दिसले, की हेच घडलं असं समजावं. उपायही सरळ आहे: बाद झालेले पाच-दहा बिंदू एकमेकांशी नीट जुळत असतील, तर खोटा तो जुना मान्य बिंदू, आणि मोजणी तिथून नव्याने सुरू करायची.

यावर एक आक्षेप हमखास येतो: बिंदू काढून टाकणं म्हणजे नोंदीत हात घालणं, त्यापेक्षा सरासरी काढून रेघ गुळगुळीत करावी. ऐकायला हे सौम्य वाटतं, पण त्यात खोटा बिंदू शिल्लकच राहतो, फक्त पसरतो. पाच-पाच बिंदूंची सरासरी घेतली तर 220 मीटरची उडी पाच बिंदूंत वाटली जाते आणि त्या जागी रस्त्याशेजारी 44 मीटरचा फुगवटा उरतो. खरे असलेले चार बिंदू विनाकारण बिघडतात आणि खोटी भर पुरती जात नाही. हरभऱ्यातला खडा वेचून फेकायचा असतो, तो दळून पिठात मिसळायचा नसतो. हात घातल्याची शंका राहू नये यासाठी मूळ फाईल तशीच ठेवावी, काम प्रतीवर करावं आणि किती बिंदू काढले ते लिहून ठेवावं. हजारात दोन-चार गेले तर ती सफाई. शंभरात दहा जाऊ लागले, तर नियम फार कडक आहे किंवा नोंदच भरवशाची नाही.

उड्या गेल्या तरी एक फुगवटा राहतो, आणि तो नकाशावर पटकन दिसत नाही. यात्रेकरू अन्नदानाच्या मांडवात दोन तास टेकतात. फोन तेव्हाही नोंदत असतो आणि बिंदू जागच्या जागी घुटमळतात. सेकंदाला अर्धा मीटर जरी इकडेतिकडे झालं, तरी 7,200 सेकंदांत 3.6 किलोमीटर जमा होतात. यातला एकही बिंदू उडी नसतो, म्हणून वेगाचा नियम त्याला हात लावत नाही. इथे वेगळी गाळणी लागते: आधीच्या मान्य बिंदूपासून पाच मीटर सरकल्याशिवाय नवा बिंदू धरायचा नाही. याने वळणावरचे थोडे कोपरे कापले जातात, पण एका माणसाच्या दोन तासांच्या विश्रांतीपुढे ते नुकसान नगण्य आहे. उलटी चूकही होते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने मध्येच नोंद थांबवली, तर दोन दूरचे बिंदू सरळ रेघेने जोडले जातात. तिथे वेग रास्तच दिसतो, त्यामुळे बिंदूंमधल्या वेळा तपासाव्या लागतात.

चढ धरून अंतर वाढवायला नको का, असंही विचारलं जातं. नको. दोन किलोमीटरच्या घाटात 100 मीटर चढलं, तर तिरक्या वाटेची लांबी सपाट लांबीपेक्षा जेमतेम अडीच मीटरने जास्त भरते. पृथ्वीला 6,371 किलोमीटर त्रिज्येचा गोल मानणारं नेहमीचं हॅव्हरसाईन सूत्र त्याहून मोठी चूक करतं. ही वाट बरीचशी उत्तरेकडे जाते आणि पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, त्यामुळे पंचेचाळीस किलोमीटरमागे ते सुमारे दीडशे मीटर जास्त दाखवतं. तरीही उड्या आणि थांबे काढल्यावर वेगवेगळ्या फोनांची उत्तरं पंचेचाळीसच्या आसपास येऊन मिळतात. लोकांच्या तोंडचा आकडा रस्त्याचा आहे आणि साफ केलेली नोंद त्याच्या जवळ जाते. म्हणून अंतराला खरं उत्तर आहे असं मी म्हणते.

चढाचं तसं नाही. उपग्रहावरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात आणि पायांखालच्या बाजूने ताडून पाहायला एकही मिळत नाही. उंचीतली सरळ एकसारखी चूक चालते, वजाबाकीत ती निघून जाते. अडचण थरथरीची आहे. एकूण चढ काढताना वर गेलेले तेवढे फरक मिळवतात आणि खाली आलेले सोडून देतात. सेकंदाला सरासरी फक्त 10 सेंटिमीटरचा खोटा चढ धरला तरी 32,400 बिंदूंत 3,240 मीटर भरतात. कळसूबाईची उंची 1,646 मीटर. सोलापूर-तुळजापूर वाटेवर कळसूबाई दोनदा कुठून येते, त्याचं उत्तर हे आहे. म्हणून एक मर्यादा ठरवतात आणि तेवढा फरक पडल्याशिवाय चढ मोजत नाहीत:

```python
ref, gain = ele[0], 0
for h in ele[1:]:
    if h - ref >= T:
        gain += h - ref
        ref = h
    elif ref - h >= T:
        ref = h
```

छोटं उदाहरण घेऊ. उंच्या अशा: 460, 462, 459, 463, 461, 466, 464, 468. वर गेलेले सगळे फरक मिळवले तर 15 मीटर. `T` 3 धरला तर 463 वर 3 आणि 466 वर 3, मिळून 6. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूत मात्र 8 मीटरचा फरक आहे, म्हणजे 15 फुगलेलं आहे आणि 6 तोकडं. शेवटचे 2 मीटर मर्यादेत बसले नाहीत म्हणून गळले. ते टोकाशी जोडून घेतले की 8 जुळतात. ही पडताळणी प्रत्येक फाईलला लावता येते: एकूण चढातून एकूण उतार वजा केला की दोन टोकांच्या उंचीतला फरक आलाच पाहिजे. सोलापूरहून तुळजापूरला गेलेल्या नोंदीत चढ 190 मीटरच्या बराच खाली आला, तर मर्यादा फार मोठी धरली आहे.

मग योग्य मर्यादा कोणती? याचं उत्तर फाईलमध्ये सापडत नाही. माळरानावरचा रस्ता ओढ्याओढ्याशी चार-चार मीटर उतरतो आणि चढतो. असे तीस ओढे धरले तर मर्यादा 3 मीटर ठेवणाऱ्याच्या हिशेबात 120 मीटर जमा होतील आणि 10 मीटर ठेवणाऱ्याच्या हिशेबात एकही नाही. दोघांनी गणित बिनचूक केलं आहे. पहिला पायांनी केलेलं काम मोजतो, दुसरा घाट मोजतो. उपग्रहाच्या उंचीला 3 मीटर फार बारीक आहे, तिथे 10च्या जवळ राहणं शहाणपणाचं. वायुभारमापक असलेल्या घड्याळाला 3 चालतात, कारण त्याची उंची फारशी थरथरत नाही.

वायुभार मोजणारं यंत्र तरी निखळ सांगतं का? तेही नाही. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास खाली येतो, साधारण तीन हेक्टोपास्कलने. एक हेक्टोपास्कल म्हणजे या उंचीवर सुमारे नऊ मीटर. दहा ते चार सपाट माळावर चाललेल्या माणसाचं घड्याळ त्याने सुमारे 27 मीटर चढ केला असं सांगेल, आणि ही वाढ इतकी संथ असते की कुठलीच मर्यादा तिला अडवत नाही. उंच्या बाहेरच्या नकाशावरून घ्याव्यात, हा पर्याय उरतो. फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून मोजलेली एसआरटीएमची उंची किंवा इस्रोच्या भुवनवरची कार्टोसॅटची उंची त्यासाठी वापरता येते. दोन्हींची जाळी सुमारे 30 मीटरची आहे. माळावर ती छान चालते. घाटात मात्र बिंदू पंधरा-वीस मीटर बाजूला पडला की उंची रस्त्याची न येता कड्याच्या माथ्याची येते, आणि कडा संपला की पुन्हा रस्त्याची. म्हणून आधी आडव्या उड्या काढायच्या आणि मगच नकाशावरून उंची घेऊन चढ मोजायचा. हा क्रम उलटला तर प्रत्येक आडवी उडी एक खोटी टेकडी होऊन चढात शिरते, आणि नंतर तो बिंदू पुसला तरी ती टेकडी मोजणीत राहून गेलेली असते.

तेव्हा या वाटेची नोंद कुणाला दाखवायची असेल तर अंतर पंचेचाळीस एवढं पुरे आहे. चढाच्या आकड्याशेजारी मात्र उंची कशावरून घेतली आणि मर्यादा किती मीटरची धरली, हे दोन शब्द लिहावेत, म्हणजे दुसऱ्या यात्रेकरूला आपली फाईल त्याच मापाने मोजून शेजारी ठेवता येईल.