येणी, देणी आणि पक्क्या ऑर्डरी: हंगामी कंपनीचा रोख-अंदाज नेमका कुठे फसतो

ईआरपीमध्ये तीन गोष्टी आधीच नोंदलेल्या असतात. गिऱ्हाइकांकडून न आलेली बिलं म्हणजे येणी, पुरवठादारांची न चुकवलेली बिलं म्हणजे देणी, आणि ज्यांचं अजून बिलच झालेलं नाही अशा विक्रीच्या व खरेदीच्या पक्क्या ऑर्डरी. प्रत्येकीला रक्कम आहे, तारीख आहे. तारखेनुसार बेरीज-वजाबाकी केली, बँकेतली आजची शिल्लक त्यात धरली, की पुढच्या महिन्यांत खात्यात किती पैसे असतील ते दिसतं. बहुतेक ईआरपींचा रोख-अंदाजाचा रिपोर्ट मुळात एवढंच करतो.

वर्षभर सारखी विक्री असलेल्या कंपनीत हे बऱ्यापैकी चालतं. हंगामी कंपनीत मात्र हा अंदाज चुकतो, आणि ठरावीक दिशेने चुकतो. या विषयावर प्रोजेक्ट किंवा पीएचडीचा प्रस्ताव लिहायचा विचार असेल, तर ही दिशा आधी समजून घ्या. मॉडेल कोणतं वापरायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

उदाहरण म्हणून एअर कूलर बनवणारी एक छोटी कंपनी घेऊ. कंपनी आणि आकडे मी हिशोबासाठी मांडलेत, पण धंद्याचं चक्र तुमच्या ओळखीचं आहे: माल हिवाळ्यात बनतो, फेब्रुवारी ते मे दुकानांत जातो आणि पैसे त्यानंतर येतात. आज १ जानेवारी आहे. बँकेत ४० लाख आहेत, कॅश क्रेडिटची मर्यादा १५० लाख आहे. म्हणजे खातं उणे १५० लाखांपर्यंत जाऊ शकतं, त्यापुढे चेक परत.

ईआरपीत काय दिसतंय? जुनी येणी ३० लाख: २० जानेवारीत, १० फेब्रुवारीत येणार. देणी ९० लाख: ५० जानेवारीत, ४० फेब्रुवारीत द्यायची. मोटर, पंप, पत्रा यांच्या खरेदी ऑर्डरी १६० लाखांच्या. माल १५ जानेवारी ते फेब्रुवारीअखेर येणार आणि ४५ दिवसांची उधारी, म्हणून ८० लाख मार्चमध्ये, ८० एप्रिलमध्ये जाणार. डीलरांच्या पक्क्या ऑर्डरी १२० लाखांच्या. माल फेब्रुवारीत जाणार, ६० दिवसांची उधारी, म्हणून पैसे एप्रिलमध्ये. हिशोब सोपा राहावा म्हणून जीएसटी तूर्त बाजूला ठेवतो.

प्रत्यक्ष करून बघायचं असेल तर मुंबईच्या फ्रापे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट घ्या. मुक्त-स्रोत आहे, लॅपटॉपवर चालतं, आणि आतली टेबलं उघडून बघता येतात. येणी काढायला एवढं पुरतं:

```sql
SELECT due_date, SUM(outstanding_amount)
FROM `tabSales Invoice`
WHERE docstatus = 1 AND outstanding_amount <> 0
GROUP BY due_date;
```

इथे `> 0` न लिहिता `<> 0` लिहिलंय, कारण परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा उणे रकमेने बसलेल्या असतात. त्या वगळल्या तर येणी फुगतात.

ऑर्डरींचं थोडं नाजूक आहे. १० लाखांच्या ऑर्डरीपैकी ४ लाखांचा माल जाऊन त्याचं बिल झालं असेल, तर ते ४ लाख आता येण्यांत आलेत. ऑर्डर पूर्ण धरली तर ते दोनदा मोजले जातील. म्हणून ऑर्डरीतून फक्त बिल न झालेला भाग घ्यायचा:

```sql
SELECT i.delivery_date, SUM(i.amount - i.billed_amt)
FROM `tabSales Order Item` i
JOIN `tabSales Order` o ON o.name = i.parent
WHERE o.docstatus = 1
  AND o.status NOT IN ('Closed', 'Completed')
GROUP BY i.delivery_date;
```

या `delivery_date` मध्ये उधारीचे दिवस आपण मिळवायचे. उत्तर आल्यावर आधी उलटून गेलेल्या तारखा बघा. गेल्या मे महिन्याची डिलिव्हरी असलेली ऑर्डर आजही उघडी दिसत असेल, तर ती बहुधा मेलेली आहे, फक्त कोणी बंद केलेली नाही. हंगामी कंपनीत अशा ऑर्डरींचा ढीग असतो. हंगाम संपला की डीलर उरलेला माल उचलत नाही आणि कागद तसाच राहतो.

आता महिनाअखेरची शिल्लक मांडू. 'पडद्यावरचा' म्हणजे वरच्या कागदांची सरळ बेरीज. 'दुरुस्त' म्हणजे काय ते पुढे सांगतो. आकडे लाखांत.

| महिना | पडद्यावरचा | दुरुस्त |
|---|---|---|
| जानेवारी | १० | −५ |
| फेब्रुवारी | −२० | −५० |
| मार्च | −१०० | −१४५ |
| एप्रिल | −६० | −१८० |
| मे | −६० | −११० |
| जून | −६० | २५ |

पडद्यावरचा अंदाज सांगतो की सगळ्यात अवघड महिना मार्च, खड्डा १०० लाखांचा, मर्यादा १५०, म्हणजे काळजी नाही. पुढे मात्र कंपनी कायम ६० लाख खालीच. या दोन्ही गोष्टी चूक आहेत, आणि एकमेकींच्या उलट दिशेने.

पहिली दुरुस्ती साधी आहे. पगार, भाडं, वीज, व्याज मिळून दरमहा १५ लाख जातात. यांची ना ऑर्डर असते ना आगाऊ बिल, म्हणून तिन्ही यादींत ते नाहीत. ते वेगळे घालावे लागतात. एवढ्यानेच मार्च −१४५ वर जातो.

दुसरी दुरुस्ती डीलरच्या पैशाची. बिलावरची मुदत ही करारातली तारीख असते. पैसे कधी येतात हे वेगळंच असतं. आणि हंगामी धंद्यात उशीर सगळ्या बिलांना सारखा नसतो. फेब्रुवारीत माल घेणारा डीलर तो गोदामात रचून ठेवतो. ऊन तापल्याशिवाय त्याचा माल हलत नाही, आणि माल हलल्याशिवाय तो पैसे सोडत नाही. एप्रिलमध्ये माल उचलणाऱ्याला पुढचा लॉट हवा असतो, म्हणून तो मागचं बिल लवकर चुकवतो. सगळ्या वर्षाची मिळून 'सरासरी २० दिवस उशीर' अशी एकच संख्या काढली, तर ती दोघांनाही लागू पडत नाही. उशीर काढायचा तो माल गेलेल्या महिन्यानुसार गट करून. आपल्या उदाहरणात धरू की १२० लाखांपैकी निम्मे एप्रिलमध्ये आणि निम्मे मेमध्ये येतात. मग एप्रिल −१८० होतो. खड्डा मार्चमधून एप्रिलमध्ये सरकला आणि मर्यादेच्या ३० लाख खाली गेला.

उशीर मोजताना आणखी एक फट असते. चुकत्या झालेल्या बिलांचीच सरासरी घेतली, तर सगळ्यात रेंगाळणारी बिलं तिच्यात नसतातच, कारण ती अजून चुकती व्हायची आहेत. सरासरी आपोआप गोड येते. स्टॅटिस्टिक्स शिकलेल्यांनी हे ओळखलं असेल: हा सेन्सॉर्ड डेटा आहे. इथे कापलान-मायर ही १९५८ची पद्धत थेट वापरता येते. 'रुग्ण किती दिवस जगला' याच्या जागी 'बिल किती दिवस उघडं राहिलं' एवढाच बदल.

आता मुख्य मुद्दा. कोणीही म्हणेल, "अहो, जानेवारीत सगळ्या ऑर्डरी कुठे आलेल्या असतात? खरी विक्री तर पुढे आहे. ती धरली की खड्डा भरेल." बरोबर, हंगामाची एकूण विक्री ५०० लाखांची अपेक्षित आहे आणि हातात १२० लाखांच्याच ऑर्डरी आहेत. उरलेले ३८० अंदाजाने धरू: मार्चमध्ये १५० लाखांचा माल जाईल, एप्रिलमध्ये १५०, मेमध्ये ८०. ६० दिवस उधारी आणि थोडा उशीर धरून प्रत्येक महिन्याचे निम्मे पैसे दोन महिन्यांनी आणि निम्मे तीन महिन्यांनी येतील. म्हणजे मार्चच्या मालाचे पहिले ७५ लाख मेमध्ये. एप्रिलमध्ये एकही रुपया नाही!

हे नशीब नाही, अंकगणित आहे. न आलेल्या ऑर्डरीचा पैसा यायला ऑर्डर, डिलिव्हरी आणि उधारी हे तिन्ही टप्पे पार व्हावे लागतात. टप्प्यांची बेरीज आज तीन-चार महिने असेल, तर तेवढ्या काळातली जमा आज कागदावर असलेल्या व्यवहारांनीच ठरून गेलेली आहे. रोखीची विक्री आणि आगाऊ रक्कम एवढेच अपवाद. त्या हद्दीच्या आत कितीही हुशार विक्री-अंदाज लावा, जमा बदलत नाही. हद्दीपलीकडे मात्र कागद रिकामा असतो आणि विक्री-अंदाजाशिवाय काहीच दिसत नाही. पडद्यावरचा जून म्हणूनच −६० वर अडकला होता.

नवी विक्री धरताना तिचा खर्चही धरा. विक्रीच्या ६० टक्के कच्चा माल लागतो असं मानलं, तर ५०० लाखांना ३०० लाखांचा. त्यापैकी देणी आणि खरेदी ऑर्डरी मिळून २५० आधीच बांधलेला आहे. उरलेला ५० लाखांचा माल मार्चच्या उत्तरार्धात येईल आणि त्याचे पैसे मेच्या सुरुवातीला जातील, म्हणजे मेची जमा पुरती येण्याआधीच. वाढती विक्री आधी खड्डा खोल करते, मग भरते. मे −११० आणि जून +२५ हे असे आले.

मग १ जानेवारीला कंपनीने करायचं काय? फेब्रुवारीच्या ऑर्डरींवर आगाऊ रक्कम मागता येईल, किंवा लवकर पैसे देणाऱ्याला सूट. किंवा एप्रिलमध्ये ज्याचे पैसे जाणार आहेत त्या ८० लाखांच्या मालापैकी निम्म्याची डिलिव्हरी महिनाभर पुढे ढकलायची. मग ४० लाख मेमध्ये सरकतात, एप्रिल −१४० वर थांबतो आणि मे −११० च राहतो. मार्चमध्ये जायच्या कूलरांना तो माल लागणार नाही ना, हे उत्पादनवाल्यांना विचारून घ्यायचं. हे माल यायच्या आधीच शक्य आहे. माल आणि बिल आल्यावर तारीख आपल्या हातात राहत नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाताच येत नाही.

बाजूला ठेवलेला जीएसटी इथे आणतो. विक्री ऑर्डरीतलं `amount` जीएसटीविना असतं, बिलातलं `outstanding_amount` जीएसटीसह. दोन्ही तशीच एकत्र केली तर जमा कमी दिसते. शिवाय मासिक रिटर्न भरणाऱ्या कंपनीला फेब्रुवारीच्या विक्रीवरचा कर, खरेदीवरची वजावट काढून, २० मार्चपर्यंत भरावा लागतो. डीलरने पैसे दिलेत की नाहीत याच्याशी त्याचा संबंध नाही. ही जावक तिन्ही यादींत नसते.

संशोधनासाठी शेवटची अडचण पडताळणीची. गेल्या वर्षी १ जानेवारीला अंदाज काय आला असता, हे आजच्या डेटाबेसवरून थेट काढता येत नाही. `outstanding_amount` पैसे येतील तसं बदलत जातं. चुकत्या बिलावर आज शून्य दिसतं. ऑर्डरीच्या `delivery_date` वर नवी तारीख आली की जुनी त्या रकान्यातून जाते. गेल्या वर्षीचा 'अंदाज' आज काढला तर त्यात नंतर घडलेलं सगळं शिरतं, आणि मॉडेल भलतंच अचूक दिसतं. थकीत रकमा खातेवहीतल्या नोंदींवरून त्या तारखेपर्यंतच्या परत रचता येतात. ऑर्डरींसाठी खात्रीचा मार्ग एकच: दर सोमवारी तिन्ही यादींची तारीख घालून प्रत जपायची. कंपनीशी बोलणी चालू असतील तर विश्लेषणाच्या परवानगीआधी या प्रतींची परवानगी मागा, कारण एका हंगामाच्या प्रती जमायलाच वर्ष जातं. त्या जमल्या की चुकीची एकच सरासरी काढू नका. अंदाज कोणत्या महिन्यात केला आणि किती आठवडे पुढचा होता, याचा तक्ता करा आणि प्रत्येक घरात चूक चिन्हासह लिहा. जानेवारीत केलेल्या अंदाजांची बारा आठवड्यांच्या आतली घरं एका चिन्हाची आणि वीस आठवड्यांपुढची उलट चिन्हाची निघाली, तर वर मांडलेलीच गोष्ट तुमच्या डेटात घडते आहे.