दुसरी कमाई, एकच काम : शिकवणीच्या फीतून गृहकर्जाची मुद्दल

2013 साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. आज त्याच मार्गावरच्या पालघर आणि बोईसरमध्ये कर्ज काढून वन बीएचके घेणारी अनेक नोकरदार कुटुंबे आहेत. तारापूर एमआयडीसीतला सुपरवायझर किंवा केमिस्ट संध्याकाळी दहावीचे गणित-विज्ञान शिकवतो, एखादी गृहिणी प्राथमिक वर्गाच्या मुलांना घरी शिकवते. ही फी थोडीथोडी येते, बरीचशी रोख किंवा फोनवर, आणि पगाराच्या खात्यात पडली की भाजी, रिक्षा, मोबाइलचे रिचार्ज यांत विरघळते. वर्षअखेरीस तिचे काय झाले ते सांगता येत नाही. घराचे कर्ज असेल, तर या पैशाला एकच काम नेमून देता येते : मुद्दल फेडणे.

उदाहरण म्हणून 20 लाखांचे कर्ज, 8.5 टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे 17,356 रुपये बसतो. पहिल्या वर्षात बँकेकडे जवळजवळ 2 लाख 8 हजार रुपये जातात, पण मुद्दल कमी होते ती जेमतेम 40 हजारांनी. बाकी सगळे व्याज. आता आठ मुलांची प्रत्येकी 850 रुपये फी धरू. महिन्याला 6,800 जमतात. त्यांतून झेरॉक्स, मार्कर, विजेचे मिळून 800 वजा केले की 6,000 उरतात. एप्रिल-मे महिन्यांत शिकवणी बंद असते, म्हणून वर्षाचे 60 हजार. पहिल्या वर्षाच्या शेवटी ही रक्कम मुद्दलीत भरली, तर वर्षभराच्या बारा हप्त्यांनी मिळून जेवढी मुद्दल फिटली, त्याहून जास्त एका दिवसात फिटते, आणि कर्जाच्या शेपटाकडचे सुमारे 16 हप्ते गळून पडतात. हेच 60 हजार पंधराव्या वर्षअखेरीस प्रथमच भरले, तर फक्त 5 हप्ते वाचतात. म्हणून अशी कमाई कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत मोलाची. पहिल्या वर्षापासून दरवर्षी हा क्रम चालू राहिला, तर 20 वर्षांचे कर्ज सुमारे 12 वर्षांत संपते आणि 9 लाखांहून अधिक व्याज वाचते.

हे जमण्यासाठी फीचे खाते वेगळे लागते. त्या खात्याचा क्यूआर कोड पालकांना द्यावा, रोख आलेली फी त्याच आठवड्यात तिथे भरावी, आणि घरखर्चाचे पेमेंट ज्या ॲपवरून होते त्याला ते खाते जोडू नये. पालकही बहुधा पगारदारच असतात; त्यांचा पगार लांबला की फीही लांबते, त्यामुळे या पैशावर महिन्याचा नियमित हप्ता विसंबवू नये. तो पगारातूनच जावा.

रक्कम भरताना बँकेला लेखी किंवा ॲपमध्ये दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. पहिली, ही रक्कम मुद्दलीत वळती करावी, पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून ठेवू नये. दुसरी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. हप्ता कमी करून घेतला, तर सुटलेले पाच-सहाशे रुपये पुन्हा रोजच्या खर्चात जातात आणि व्याजाची बचतही बरीच घटते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर अशा भरण्यासाठी दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने 2012 पासून मनाई केली आहे. भरणा झाल्यावर कर्जखात्याचा उतारा काढावा. त्या तारखेला शिल्लक मुद्दल बरोबर तेवढ्या रकमेने उतरलेली दिसली नाही, तर पैसे दुसऱ्याच ठिकाणी पडले आहेत असे समजावे.

काही ठिकाणी हा मार्ग आधी अडतो. शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 28 ने बंदी आहे. सरकारी नोकरांना परवानगी लागते आणि खासगी कंपनीच्या नेमणूकपत्रातही तशी अट असू शकते. फीचे उत्पन्न पगारात मिळवून विवरणपत्रात दाखवावे लागते. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज डोक्यावर असेल, तर त्यांचा व्याजदर जास्त असल्याने फी आधी तिकडे वळवणे योग्य. शिवाय मुद्दलीत गेलेला पैसा साधारणतः परत काढता येत नाही. कंत्राटी नोकरी असलेल्याने निदान तीन हप्त्यांएवढे, म्हणजे इथे सुमारे 52 हजार रुपये, दिवाळीच्या बोनसमधून मुदत ठेवीत बाजूला ठेवूनच हे सुरू करावे.

व्याजदर वाढला की बँका बहुधा हप्ता न वाढवता मुदत लांबवतात आणि फीतून वाचवलेले हप्ते त्यात नकळत परत येऊ शकतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार अशा वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की काही रक्कम भरायची, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला दिला गेला पाहिजे. म्हणून दर बदलल्याचा संदेश आला, की उरलेल्या हप्त्यांची संख्या आधीच्या उताऱ्याशी ताडून पाहावी.